डीप फ्रीजरमध्ये एका वेळी किती मासळी टाकावी?

प्रश्न: कराडला माझं मासळीचं छोटं दुकान आहे, सोबत थोडं चिकनही ठेवतो. ४०० लिटरचा, काचेच्या झाकणाचा डीप फ्रीजर आहे. मासेमारी बंदीच्या आधी, मे अखेरीला रत्नागिरीहून ६० किलो माल आणला, ४० किलो सुरमई आणि २० किलो बांगडा, आणि त्याच रात्री सगळा फ्रीजरमध्ये टाकला. नॉब सातवर होता. दुसऱ्या दिवशी दुपारीसुद्धा मधला माल बोटाने दाबला जात होता. आता जुलैत गिऱ्हाईक म्हणतात, सुरमईचा कालवणात भुगा होतो आणि बांगड्याला वास येतो. फ्रीजर खराब निघाला का? माल किती टाकायचा, तापमान किती ठेवायचं, आणि जुना माल तळाला अडकून राहतो त्याचं काय करायचं?

उत्तर:

तुमचा फ्रीजर बहुतेक ठणठणीत असेल. त्याच्याकडून त्याचं नसलेलं काम करून घेतलं गेलं, एवढंच. आपण ज्याला डीप फ्रीजर म्हणतो ती आधीच गोठलेला माल गोठलेला ठेवण्याची पेटी आहे. रत्नागिरीच्या प्रक्रिया कारखान्यांत मासळी गोठवायची यंत्रं वेगळी असतात आणि साठवायची खोली वेगळी असते. गोठवायच्या यंत्रात उणे ३५-४० अंशांचा वारा जोरात फिरवतात, नाहीतर थंडगार धातूच्या पाट्यांमध्ये माल दाबून धरतात, म्हणून काही तासांत काम होतं. आपल्या पेटीत ना पंखा ना पाट्या. ती थोडा माल हळूहळू गोठवू शकते, पण थोडाच. हे थोडं म्हणजे किती, ते हिशोबाने काढता येतं.

एक किलो बर्फ वितळायला ८० किलोकॅलरी उष्णता लागते, आणि पाण्याचा बर्फ करायचा तर तेवढीच उष्णता काढून घ्यावी लागते. मासळीत साधारण तीन-चतुर्थांश पाणी, म्हणजे किलोमागे साठेक किलोकॅलरी नुसत्या गोठण्यात गेल्या. पुढे उणे १८ पर्यंत उतरवायला आणखी आठ-दहा. तर बर्फात ठेवलेली, शून्य अंशाची एक किलो मासळी गोठवायला ७० किलोकॅलरी धरा. तुमच्या ६० किलोंना झाल्या ४,२०० किलोकॅलरी.

आता दुसरी बाजू. ४०० लिटरच्या पेटीचा कॉम्प्रेसर उष्णता बाहेर फेकतो ती साधारण २०० वॅटच्या वेगाने, असं धरून चालू. मॉडेलप्रमाणे थोडं कमी-जास्त होईल. २०० वॅट म्हणजे तासाला १७० च्या आसपास किलोकॅलरी, दिवसाला चार हजार. म्हणजे सगळी ताकद फक्त तुमच्या नव्या मालावर लागली असती तरी चोवीस तास पुरले नसते. आणि सगळी ताकद मालावर कधीच लागत नाही. मे महिन्यात बाहेर ३८-४० अंश असताना भिंतींतून, काचेतून, झाकण उघडण्यातून जी गरमी आत येते ती उपसण्यात निम्मी ताकद जाते. म्हणजे तुमचा मधला माल पूर्ण कडक व्हायला दोन दिवस, कदाचित अडीच दिवस लागले असणार. दुसऱ्या दिवशी दुपारी तो दाबला जात होता यात नवल काही नाही.

नॉब सातवर होता, तरी असं का, हा प्रश्न मलाही सुरुवातीला पडायचा. नॉबवरचे आकडे अंश नाहीत आणि वेगही नाहीत. कॉम्प्रेसर कोणत्या तापमानाला थांबायचा एवढंच नॉब ठरवतो. एवढा माल आत गेल्यावर कॉम्प्रेसर तसाही थांबत नव्हता, त्यामुळे तीनवर असता तरी त्या रात्री काही फरक पडला नसता. नॉबचा खरा उपयोग आदल्या दिवशी. उद्या नवा माल टाकायचा असेल तर आज संध्याकाळीच नॉब शेवटाला न्या, म्हणजे आतला जुना माल उणे २२-२४ पर्यंत उतरून बसतो आणि उद्याचा धक्का सोसतो. काही फ्रीजरना ‘फास्ट फ्रीझ’चं बटण असतं, तेही आदल्या रात्रीच दाबायचं.

आता भुगा का झाला ते सांगतो. मासळीतलं बहुतेक पाणी गोठतं ते उणे १ ते उणे ५ अंशांच्या पट्ट्यात. हा पट्टा माशाने दोन-तीन तासांत ओलांडला तर बर्फाचे खडे बारीक राहतात. तिथे तो वीस-तीस तास रेंगाळला तर खडे मोठे होतात, मांसाचे धागे फाटतात आणि आतली प्रथिनंही बिघडतात, मग ती पाणी धरून ठेवत नाहीत. असा मासा बर्फातून काढला की परातीत पाणी सुटतं, तुकडी स्पंजासारखी लागते आणि कढईत उलथनं लावताच तिचा चुरा होतो. मे महिन्यात जे झालं ते जुलैत दिसतंय. मधल्या दोन महिन्यांत तुम्ही तापमान कितीही नीट राखलं असतं तरी ते परत जुळणार नव्हतं.

तर माझा नियम असा. दर १०० लिटरमागे दिवसाला ५ किलो नवा माल, म्हणजे तुमच्या ४०० लिटरला २० किलो. एप्रिल-मेमध्ये मी तो १५ वर आणतो. मशीनच्या मागच्या पाटीवर किंवा पुस्तिकेत चोवीस तासांत किती किलो गोठवता येईल याचा आकडा दिला असेल तर तो प्रमाण माना, पण तो आकडा कंपनीने ठरावीक हवामानात, झाकण न उघडता काढलेला असतो हे ध्यानात ठेवा. ‘४०० लिटर’ हा आकडा जागेचा आहे, गोठवण्याचा नाही. पूर्ण गोठलेला माल मात्र याच पेटीत १५० किलोपर्यंत आरामात राहतो. माझ्याकडे क्रेटसकट तेवढाच बसतो.

हे २० किलोसुद्धा बर्फात थंड केलेल्या मालाचे. टेम्पोतून उतरवून, ओट्यावर साफ करून, नळाच्या पाण्याने धुऊन मासळी ३० अंशांवर गेली तर किलोमागे आणखी २५ किलोकॅलरी चढतात. म्हणजे एक-तृतीयांश काम उगाच वाढलं. साफ केलेला माल परत बर्फाच्या पाण्यात बुडवून गार करून घ्या आणि निथळून मगच आत टाका. चिकनला तर हे दुप्पट लागू. नुकती कापलेली कोंबडी चाळीस अंशांच्या आसपास असते. ती तशीच फ्रीजरमध्ये गेली तर शेजारचा माल मऊ करते आणि स्वतःही चिवट होते, कारण मांस आखडून परत सैल होण्याआधीच गोठतं. आधी बर्फाच्या पाण्यात, मग साध्या फ्रीजमध्ये चार-सहा तास काढू द्या.

जाडीकडे आपण दुकानदार फारसं बघत नाही, पण निम्मा खेळ तिथे आहे. जाडी दुप्पट झाली की गोठायला दुप्पट नाही, तीन-चारपट वेळ लागतो. तीन किलोची अख्खी सुरमई किंवा बांगड्यांची पाच किलोची फुगलेली पिशवी म्हणजे आत उबदार राहणारी गोधडीच. सुरमईच्या तुकड्या करा, एका पिशवीत किलोभरच भरा, हाताने थापून पिशवी चपटी करा. जाडी चार-पाच सेंटीमीटरच्या वर नको. हवा दाबून काढा आणि मग गाठ मारा. बांगडा अख्खा ठेवायचा असेल तर पोट आणि कल्ले काढून एकाशेजारी एक, एकाच थरात. कोळंबीला मी अर्ध्या किलोच्या चपट्या डब्यात बर्फाचं पाणी घालून लादी करतो. पाण्यामुळे हवा लागत नाही, पण लादी जाड झाली की फायदा उलटतो.

आत कुठे ठेवायचं? झाकणवाल्या आडव्या फ्रीजरमध्ये थंडीच्या नळ्या भिंतींच्या पत्र्यामागे असतात. नवी पिशवी भिंतीला टेकली की पत्र्यामार्फत लवकर गोठते, मध्ये टाकली की तिला स्थिर हवेवर अवलंबून राहावं लागतं आणि स्थिर हवा थंडी फार सावकाश देते. म्हणून चपट्या पिशव्या पुस्तकांसारख्या उभ्या, भिंतीला लावून ठेवायच्या, पिशव्यांमध्ये बोटभर जागा सोडून. दुसऱ्या दिवशी त्या दगडासारख्या झाल्या की मधल्या क्रेटमध्ये हलवायच्या आणि भिंतीची जागा पुढच्या खेपेला मोकळी करायची. गोठलेला माल एकमेकांना चिकटून ठेवला तरी चालतो, उलट चांगलाच, तो एकमेकांना थंड ठेवतो. नवा माल मात्र जुन्याच्या ढिगावर कधीच टाकायचा नाही. तो स्वतः तर गोठत नाहीच, खालच्यालाही उणे १८ वरून उणे आठ-दहावर आणतो.

मग ६० किलो एकदम आले तर करायचं काय? तुमचाच माल घेऊ. पहिल्या रात्री फक्त २० किलो बांगडा आत टाकायचा. बांगडा आधी, कारण तो तेलकट आणि नाजूक. सुरमईच्या मानाने तो बर्फात लवकर उतरतो. मे असल्याने मी १५ चा नियम सांगितला, पण बांगडा एका थरात चपटा आणि पूर्ण गार असेल आणि फ्रीजर आदल्या रात्रीपासून उतरवलेला असेल तर २० ओढेल. उरलेली ४० किलो सुरमई थर्माकोल किंवा इन्सुलेटेड पेटीत, किलोला किलो चुरा बर्फ, खाली एक थर, मध्ये थर, वर जाड थर. पेटीचं बूच उघडं ठेवून पाणी वाहू द्यायचं आणि सकाळ-संध्याकाळ बर्फ भरायचा. शून्य अंशावर अशी ताजी सुरमई तीन दिवस उत्तम राहते. दुसऱ्या रात्री १५, तिसऱ्या रात्री १५, आणि उरलेली दहा किलो त्या तीन दिवसांत ताजी म्हणूनच विकायची. फ्रीजरमध्ये दोन दिवस अर्धवट गोठत पडण्यापेक्षा बर्फात तीन दिवस घालवलेली मासळी कितीतरी बरी.

इथे तब्येतीचाही एक मुद्दा आहे. बांगडा, तारली, सुरमई, कुपा या मासळीत गरम जागी काही तास राहिल्यावर हिस्टामिन तयार होतं. ते गोठवून जात नाही आणि तळून-शिजवूनही जात नाही. खाणाऱ्याचं तोंड लाल होतं, अंगावर गांधी उठतात, डोकं दुखतं, आणि लोक म्हणतात ‘मासळीची ॲलर्जी झाली’. दोष असतो तो फ्रीजरआधीच्या गरम तासांचा. टेम्पोतून उतरवताना कल्ल्याजवळ हात लावून बघा, बर्फासारखं गार लागलं नाही तर तो बांगडा साठवायला घेऊच नका.

खरं तर बंदीचा साठा एका खेपेत करायचाच नसतो. आपल्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटी बंद, म्हणजे ६१ दिवस. मी १० मेपासून सुरुवात करतो. एक दिवसाआड १५ किलो, दहा खेपांत १५० किलो, महिना संपायच्या आत काम पूर्ण. मधला एक दिवस फ्रीजरला दम खायला मिळतो.

तापमानाचं सांगायचं तर गोठवलेल्या मालाला उणे १८ किंवा त्याखाली, अन्नसुरक्षेचा नियमही तोच आहे. पण हे तापमान मालाचं, डिस्प्लेवरचं नाही. ही चूक मी स्वतः दोन वर्षं केली. माझ्या पहिल्या काचेच्या फ्रीजरवर कायम उणे २० दिसायचं आणि मी निश्चिंत. एकदा एका मेकॅनिकने सहज टोचणीचा थर्मामीटर वरच्या थरातल्या दोन पिशव्यांमध्ये खोचला, तर उणे ११. डिस्प्लेचा सेन्सर खाली भिंतीजवळ होता, तिथे थंडीच थंडी. वर, काचेच्या खाली, दुकानातल्या ट्यूबलाइटची आणि वारंवार उघडण्याची सगळी झळ. तीन-चारशे रुपयांचा टोचणीचा थर्मामीटर घ्या, वरच्या थराच्या मधोमध दोन पिशव्यांमध्ये दाबून ठेवा आणि सकाळी झाकण पहिल्यांदा उघडण्याआधीचा आणि संध्याकाळी गर्दी ओसरल्यावरचा असे दोन आकडे लिहा. सकाळी उणे २० आणि संध्याकाळी उणे १७ असेल तर चाललंय. संध्याकाळी उणे १२ असेल तर कुठेतरी बिघडलंय.

कुठे बघायचं? सगळ्यात आधी आतल्या भिंतीवरची लोड लाइन. बारीक रेघ असते, बर्फाखाली गेलेली असते म्हणून कुणी बघत नाही. थंड हवा जड असते, ती रेघेखाली तळ्यासारखी साचून राहते. रेघेच्या वर ठेवलेला माल त्या तळ्याच्या बाहेर, उणे आठ-दहाच्या हवेत असतो. शिवाय झाकण नीट बसत नाही. रेघेवर एक पिशवीसुद्धा नको.

मग भिंतीवरचा बर्फ. तो थंडी वाढवत नाही, अडवतो. पाच-सहा मिलीमीटर झाला की काढायचा. पावसाळ्यात दमट हवेमुळे मला तीन आठवड्यांनी काढावा लागतो, उन्हाळ्यात दीड महिन्याने. माल गोधडीत गुंडाळून पेटीत हलवा, मशीन बंद करा, आत कोमट पाण्याचं भांडं ठेवून झाकण लावा. अर्ध्या तासाने बर्फ हाताने सुटतो, तळाचं बूच काढून पाणी जाऊ द्या. सुरी किंवा पेचकस कधीही लावू नका. पत्र्यामागेच नळी आहे, एक टोचा आणि गॅस गेला. माझ्या ओळखीत दोन फ्रीजर असेच गेलेत, दोन्ही वेळेला दुकानातल्या पोराला ‘जरा बर्फ खरवड’ म्हणून सांगितलं होतं.

बाहेरच्या बाजूंचं थोडक्यात. फ्रीजरच्या बाजू गरम लागतात त्या बिघाडामुळे नाही, बऱ्याच मॉडेलमध्ये आतली गरमी तिथूनच बाहेर पडते. तिथे पोती, क्रेट लावू नका, चहूबाजूंनी वीतभर जागा सोडा. रात्री काचेवर जाड चादर टाकली तर चांगलं, पण फक्त काचेवर, बाजूंवर ओघळू द्यायची नाही. झाकणाच्या रबरात दहाची नोट धरून झाकण लावा, नोट सहज सरकून आली तर रबर गेलं. आणि ज्या फ्रीजरला ‘फ्रीजर-कूलर’ असा बदलायचा खटका असतो, त्यावर चिकटपट्टी मारा. झाडू लागून तो कूलरवर गेला की सकाळी सगळा माल पाण्यात.

वीज गेली तर झाकण उघडायचं नाही. भरलेला, जाड झाकणाचा फ्रीजर दिवसभर सहज काढतो. काचेच्या झाकणाचा निम्मा वेळसुद्धा देत नाही. त्यावर लगेच चादर टाकायची. वाटीभर बर्फावर नाणं ठेवायची युक्ती अनेक जण सांगतात, की नाणं बुडालं तर माल वितळला होता. ते खरं, पण अर्धंच. साधा बर्फ शून्याला वितळतो. मासळी उणे २-३ लाच मऊ होते आणि उणे ५ लाही तिच्यातलं थोडं पाणी मोकळंच असतं. त्यामुळे नाणं जागेवर असलं म्हणजे मासळी सुखरूप, असं नाही. टोचणीचा आकडाच खरा.

आता तळाला अडकणाऱ्या मालाबद्दल. आडव्या फ्रीजरची रचनाच अशी की शेवटी टाकलेलं आधी हाताला लागतं. ‘आधी आलेलं आधी विका’ हे भिंतीवर लिहून काही होत नाही, कारण घाईच्या वेळी वीस किलो उपसून खालची पिशवी कुणी काढत नाही. त्यामुळे एकावर एक थर देणंच बंद करा आणि उभे कप्पे करा. तळापासून लोड लाइनपर्यंत पोचतील अशा जाळीच्या क्रेटच्या चळती, तुमच्या फ्रीजरमध्ये चार बसतील. प्रत्येक चळत म्हणजे एक खेप-गट. डावीकडची सर्वांत जुनी, तिच्यातूनच विक्री. ती रिकामी झाली की क्रेट धुऊन त्याच जागी नवा माल, आणि विक्री पुढच्या चळतीतून. माल हलवायचा नाही, विक्रीचा हात हलवायचा. कॉम्प्रेसरवरची पायरी असते ती उथळ जागा चिकनला द्या, बंद डब्यात, म्हणजे त्याचं रक्तपाणी मासळीवर येणार नाही.

पिशवीवर मार्करने लिहिलेली तारीख ओल्या प्लास्टिकवर आठवड्यात पुसते. मी कागदाच्या चिठ्ठीवर जात, वजन आणि तारीख लिहून ती आतल्या आणि बाहेरच्या पिशवीच्या मध्ये सरकवतो. वर रंगीत चिकटपट्टी, मे पहिल्या पंधरवड्याची लाल, दुसऱ्याची निळी. दुकानातल्या पोराला तारीख वाचायला सांगितली तर तो वाचत नाही, ‘लाल संपल्याशिवाय निळ्याला हात नाही’ हे मात्र पाळतो. झाकणाजवळ एक वही: आत किती, बाहेर किती, शिल्लक किती.

आणि फक्त तारीख बघूनही भागत नाही. ज्याचं आयुष्य कमी ते आधी गेलं पाहिजे. उणे १८ ला तेलकट मासळी, म्हणजे बांगडा, तारली, दोन-तीन महिने टिकते असं सांगतात. पण ते स्थिर उणे १८ ला. दिवसातून चाळीस वेळा उघडणाऱ्या दुकानी फ्रीजरमध्ये मी बांगड्याला महिन्याच्या वर ठेवत नाही. त्याचं तेल हवेने खवट होतं, थंडीने ते थांबत नाही, फक्त मंदावतं. सुरमई, पापलेट, कोळंबी यांना मी तीन महिने देतो, चिकनच्या तुकड्यांनाही तीन, खिम्याला एक. बोंबील साठवायच्या भानगडीत पडूच नका. त्यात इतकं पाणी असतं की वितळल्यावर हातात लगदा येतो.

म्हणजे बंदीच्या साठ्यात बांगडा मेच्या शेवटच्या खेपांत घ्यायचा आणि जूनमध्येच संपवायचा. सुरमई आणि कोळंबी आधीच्या खेपांत घेतली तरी जुलै अखेरपर्यंत जातात. तुमची रोजची गोठवलेली विक्री अडीच किलो असेल तर ६१ दिवसांना १५० किलो पुरतात. त्यात बांगडा तीस दिवसांत जाईल तेवढाच, म्हणजे तीस-पस्तीस किलोंच्या वर नको.

सुरमईच्या तुकड्या आणि कोळंबीला एक जास्तीचा बचाव करता येतो. पूर्ण कडक झाल्यावर दुसऱ्या दिवशी बर्फाच्या पाण्यात पाच सेकंद बुडवून काढा, थोडं थांबून परत बुडवा. वर काचेसारखा बर्फाचा पापुद्रा बसतो, हवा लागत नाही, पांढरे कोरडे डाग पडत नाहीत. वजन मात्र बुडवण्याआधीचं लिहायचं. पापुद्र्याचं वजन गिऱ्हाइकाच्या माथी मारायचं नाही.

विक्रीसाठी उद्या लागेल तेवढाच माल आदल्या रात्री काढून बर्फाच्या पेटीत सोडा, ओट्यावर किंवा पाण्यात नको. वितळलेलं परत फ्रीजरमध्ये जात नाही, ते त्याच दिवशी, गोठवलेलं असं सांगून, कमी भावात.

आता तुमच्याकडे जे शिल्लक आहे त्याचं. प्रत्येक पिशवी हातात घेऊन बघा. पिशवीच्या एका कोपऱ्यात लालसर पाणी गोठून बसलेलं असेल, किंवा पिशव्या एकमेकींना चिकटून एक ढेकूळ झालं असेल, तर तो माल मध्ये कधीतरी वितळून परत गोठलाय. आत सुटा बर्फाचा चुरा असेल तर तापमान वरखाली होत राहिलंय. सुरमईची एक तुकडी वितळवून शिजवून बघा. वास स्वच्छ असेल आणि फक्त भुगा होत असेल तर ती खायला चालते, पण तुकडी म्हणून विकू नका. जवळच्या खानावळीला कटलेट, भुर्जीसाठी, काय आहे ते सांगून, निम्म्या भावात द्या. बांगड्याचं पोट पिवळट पडलं असेल आणि जुन्या तेलासारखा वास येत असेल तर तो तसाही जात नाही, पण इथे मला वासापेक्षा त्या पहिल्या रात्रीची काळजी आहे. मध्यभागी असलेला बांगडा फ्रीजरमध्ये जाताना बर्फासारखा गार होता का, हे तुम्हालाच माहीत. तशी खात्री देता येत नसेल तर तो सगळा टाकून द्या, मांजरांनाही घालू नका.